नजर पांढऱ्यावर ठेवा: पहिल्यांदा स्नूकर बघणाऱ्यांसाठी एक अख्खी फ्रेम

गेल्या पावसाळ्यात मावशीला घेऊन मरीन लाइन्सच्या एका जिमखान्यात स्नूकर बघायला गेलो होतो. मावशी गिरगावच्या चाळीत वाढलेली, कॅरममध्ये अजूनही कुणाला ऐकत नाही, पण स्नूकरचं टेबल तिने टीव्हीवरसुद्धा कधी धड पाहिलेलं नव्हतं. पहिली दहा मिनिटं तिने शांतपणे बघितलं आणि मग माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अरे, बॉल घालतायत, परत काढून ठेवतायत, हे चाललंय काय?"

नव्या प्रेक्षकाचा प्रश्न हाच असतो. म्हणून नियमांची यादी न देता त्या दिवशी मावशीला जी फ्रेम समजावली, तीच इथे क्रमाने मांडतो. खेळणारे दोघे होते: एक चष्मेवाले काका, साठीच्या आसपासचे, आणि एक कॉलेजातला उंच मुलगा.

आधी टेबल बघून घ्या

एक गैरसमज आधी दूर करतो. आपल्याकडे या टेबलावर जे काही चालतं त्याला सरसकट बिलियर्ड्स म्हणतात. बिलियर्ड्स हा तीन बॉलचा वेगळा खेळ. १९५८ साली भारताचे विल्सन जोन्स जगज्जेते झाले ते बिलियर्ड्समध्ये. स्नूकरमध्ये बावीस बॉल असतात: पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा. क्यूचा, म्हणजे काठीचा, स्पर्श फक्त पांढऱ्याला करायचा. पांढरा म्हणजे आपला स्ट्रायकर.

टेबल साधारण बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद असतं. एका टोकाला आडवी रेघ आणि तिच्यावर अर्धवर्तुळ दिसेल, त्याला 'डी' म्हणतात. त्या टोकाला उभं राहून समोर पाहिलं तर रेघेवर डावीकडे हिरवा, मध्ये तपकिरी, उजवीकडे पिवळा. टेबलाच्या बरोबर मध्यावर निळा. त्याच्या पुढे गुलाबी, गुलाबीला जवळजवळ टेकून लाल बॉलचा त्रिकोण, आणि त्रिकोणाच्या पलीकडे काळा.

लाल एक गुणाचा. पिवळा दोन, हिरवा तीन, तपकिरी चार, निळा पाच, गुलाबी सहा आणि काळा सात. हे गुण पाठ नसले तर पुढची गंमत अर्धी हातातून जाते, म्हणून सुरुवातीला कागदावर लिहून जवळ ठेवा. मावशीने तिकिटाच्या मागे लिहिले होते.

आता तिच्या प्रश्नाचं उत्तर. आधी लाल घालायचा, मग कुठलाही एक रंगीत, मग पुन्हा लाल, पुन्हा रंगीत. कॅरममध्ये क्वीन घेतली की ती कव्हर करावी लागते. इथे प्रत्येक लाल हा पुढच्या रंगीत बॉलचा परवाना आहे. घातलेला लाल परत येत नाही. रंगीत मात्र लगेच बाहेर काढून त्याच्या ठरलेल्या जागी ठेवतात. टेबलावरचे लाल संपेपर्यंत हे चालतं. शेवटच्या लालनंतरचा रंगीतही परत ठेवतात आणि तिथून सहा रंगीत पिवळ्यापासून काळ्यापर्यंत चढत्या क्रमाने घालायचे. या वेळी गेलेला बॉल परत येत नाही. काळा गेला की फ्रेम संपली.

फ्रेम म्हणजे एक डाव. एका फ्रेमचे गुण पुढच्या फ्रेममध्ये जात नाहीत. सामना पाच फ्रेमचा असेल तर आधी तीन जिंकणारा जिंकला. म्हणून एखादी फ्रेम शंभर गुणांनी गेली काय आणि एका गुणाने गेली काय, नुकसान सारखंच.

पहिला फटका आणि पहिला ब्रेक

काकांनी सुरुवात केली. पांढरा 'डी'मध्ये ठेवला, त्रिकोणाच्या कोपऱ्यातल्या लालला अगदी निसटता स्पर्श केला आणि पांढरा कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, फिरून परत आपल्या टोकाला आणला. मावशी म्हणाली, "एवढं जपून? फोडला का नाही?" कॅरममध्ये पहिल्याच फटक्याला जोरात फोडतात. इथे फोडून लाल न गेला तर मोकळे पडलेले लाल समोरच्याला आयते मिळतात. म्हणून पहिला फटका जवळजवळ नेहमी बचावाचा असतो.

मुलाने टेबलाच्या त्या टोकाचा एक लाल लांबून उचलला आणि पॉकेटमध्ये घातला. सगळ्यांची नजर लालबरोबर गेली. मी मावशीला म्हटलं, "लाल सोड. पांढरा कुठे थांबतोय ते बघ." पांढरा हळूहळू सरकत काळ्याच्या बाजूला, थोड्या तिरक्या रेषेत थांबला. त्याने काळा घातला. एक आणि सात, आठ. मग लाल आणि काळा, सोळा. मग लाल आणि निळा, बावीस. न चुकता सलग घातलेल्या अशा मालिकेला ब्रेक म्हणतात आणि ब्रेक वाढवत नेणं हे या खेळातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे. इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

बॉल घालणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे पांढरा पुढच्या बॉलसाठी योग्य जागी नेऊन ठेवणं. क्लबात याला पोझिशन म्हणतात. कॅरम खेळणाऱ्याला यातला फरक लगेच कळतो. कॅरमचा स्ट्रायकर पंधरा ग्रॅमपर्यंत असतो आणि सोंगटी पाच-साडेपाच ग्रॅमची, म्हणून सरळ मारला तरी स्ट्रायकर सोंगटीच्या मागोमाग पुढे जातोच. शिवाय पुढच्या वेळी तो हातात घेऊन आपल्या रेषेवर ठेवता येतो. स्नूकरचे बॉल सारख्याच आकाराचे आणि जवळजवळ सारख्याच वजनाचे. पांढरा समोरच्या बॉलवर अगदी सरळ आदळला आणि त्या क्षणी त्याला पुढे-मागे फिरकी नसेल, तर तो जागच्या जागी थांबतो. त्याचा सगळा वेग समोरचा बॉल घेऊन जातो. आणि पांढरा जिथे थांबला तिथूनच पुढचा फटका मारायचा असतो.

यावरून तीन फटके ओळखता येतात. पांढरा आदळून थांबला तर तो स्टन. क्यूचं टोक पांढऱ्याच्या वरच्या भागावर लागलं असेल तर आदळल्यावरही तो पुढे चालत राहतो, तो फॉलो. टोक खालच्या भागावर लागलं असेल तर पांढरा मागे येतो, त्याला आपल्याकडे स्क्रू म्हणतात. खेळाडू वाकल्यावर क्यूचं टोक पांढऱ्याच्या वर आहे की खाली, तेवढंच बघा. फटका मारायच्या आधीच पांढरा कुठे जाणार याचा अंदाज तुम्हाला येऊ लागेल.

मग चांगले खेळाडू सरळ रेषेत का थांबत नाहीत? मावशीने हे विचारलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण मला स्वतःला हे कळायला दोन वर्षं लागली होती. सरळ रेषेत बॉल घालणं सोपं, पण पांढरा त्याच रेषेत पुढे किंवा मागे एवढाच जाऊ शकतो. थोडा कोन असला की पांढरा बाजूला वळतो, कुशनला लागतो आणि टेबलभर कुठेही नेता येतो. काळा घालून पांढरा परत लालच्या घोळक्याकडे जाताना दिसतो तो या कोनामुळेच. कोन फार सरळ झाला की पांढरा अडकतो, फार तिरका झाला की बॉल घालणंच कठीण होतं. सगळा ब्रेक या दोन चुकांच्या मधून चालतो.

मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्याने चौथा लाल घातला, तेवीस गुण झाले, पण पांढरा वीतभर जास्त पुढे गेला. गुलाबीचा कोन फार तिरका झाला आणि गुलाबी पॉकेटच्या तोंडावर आपटून बाहेर आला. चूक दिसली गुलाबीवर, पण ती झाली होती त्याच्या आधीच्या लालवर. ब्रेक तुटला की एक फटका मागे जाऊन बघायची सवय लावून घ्या, कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

टेबलावर किती उरलंय

फलकावरचे आकडे निम्मीच गोष्ट सांगतात. उरलेले गुण मनात धरावे लागतात आणि त्याचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक लालमागे जास्तीत जास्त आठ गुण, म्हणजे लालचा एक आणि काळ्याचे सात. शेवटच्या सहा रंगीत बॉलचे मिळून सत्तावीस. पंधरा लालचे १२० आणि हे २७ मिळून १४७ होतात, म्हणून १४७चा ब्रेक हा सर्वोच्च मानतात. १९९७च्या जागतिक स्पर्धेत रॉनी ओ'सुलिव्हनने तो साडेपाच मिनिटांच्या आत पूर्ण केला होता.

आमच्या टेबलावर चार लाल गेले होते, अकरा उरले होते. अठ्ठ्याऐंशी आणि सत्तावीस, म्हणजे ११५. काकांना काहीच चिंता नव्हती.

काकांची लय वेगळी होती. त्यांनी पांढरा काळ्याच्या आसपासच्या दोन फुटांत ठेवला. लाल-काळा, लाल-गुलाबी, लाल-काळा, लाल-निळा, लाल-काळा: सदतीस. सहावा लाल घातला, अडतीस. पण पांढरा लांब 'डी'कडे निघून गेला आणि तिथून कुठलाच रंगीत खात्रीने जाणार नव्हता. काकांनी हिरवा मारणार असं सांगितलं, पांढरा हलकेच त्याला लावला आणि त्याच्या मागे दोन बोटांवर सोडला. समोरचे सगळे लाल आता हिरव्याआड झाकले गेले. ज्या बॉलला मारायचं तो सरळ रेषेत दिसू न देणं, यालाच स्नूकर म्हणतात आणि खेळाचं नावही तेच आहे. हा खेळ १८७५च्या सुमारास आपल्याच जबलपूरच्या छावणीत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी सुरू केला.

फाउल: गुण समोरच्याला

फाउलचा पाया एका वाक्यात सांगता येतो. ज्या बॉलची पाळी आहे त्याला पांढऱ्याने सगळ्यात आधी स्पर्श केला पाहिजे, आणि पांढरा टेबलावर राहिला पाहिजे. हे चुकलं की फाउल. फाउलचे गुण मारणाऱ्याच्या खात्यातून वजा होत नाहीत, ते समोरच्याला मिळतात. कमीत कमी चार. निळा, गुलाबी किंवा काळा गुंतला असेल तर त्या बॉलचे पाच, सहा किंवा सात. पांढरा पॉकेटमध्ये जाणं, चुकीचा बॉल घालणं, बॉल टेबलाबाहेर उडणं, बाही किंवा हात बॉलला लागणं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलणं हे सगळं यातच येतं.

मुलाने हिरव्याला वळसा घालण्यासाठी उजव्या कुशनवरून पांढरा काढला. पांढरा वाटेत निळ्यावर आदळला. लालची पाळी होती आणि आधी लागला निळा, म्हणून पाच. काका त्रेचाळीस. तेवढ्यात मार्करने "फाउल अँड अ मिस" म्हटलं. मार्कर म्हणजे आपल्या क्लबांमधला गुण मांडणारा माणूस, लहान सामन्यांत पंचही बहुधा तोच. 'मिस'चा अर्थ असा की लालला लावण्याचा प्रयत्न पुरेसा चांगला नव्हता असं त्याला वाटलं. अशा वेळी समोरच्यापुढे तीन वाटा असतात: आपण खेळायचं, मुलालाच आहे तिथून खेळायला लावायचं, किंवा सगळे बॉल होते तिथे परत ठेवून तोच फटका पुन्हा मारायला लावायचा. काकांनी तिसरी वाट धरली. मार्करने पांढरा हिरव्याच्या मागे परत ठेवला. हे डोळ्यांना विचित्र दिसतं. मावशीला वाटलं मुलावर अन्याय होतोय. पण हा नियम नसता तर अडकलेला खेळाडू जाणूनबुजून थोडक्यात चुकून, चार गुण देऊन, पांढरा सुरक्षित जागी ठेवून मोकळा झाला असता.

दुसऱ्यांदा पांढरा कशालाच लागला नाही. चार गुण. काका सत्तेचाळीस. पुन्हा मिस, पुन्हा बॉल जागेवर. इथे मावशी म्हणाली, "तिसऱ्यांदा चुकला तर बाद?" तसं नाही. बॉल पूर्ण, मध्यावर लागेल असा समोर दिसत असताना सलग तीनदा चुकला तरच फ्रेम जाते. हिरव्याआड अडकलेल्याला ती शिक्षा नाही.

तिसऱ्या वेळी पांढरा एका लालला चाटून गेला. फाउल टळला, पण तो लाल उजव्या कोपऱ्यातल्या पॉकेटजवळ मोकळा पडला.

फाउलबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असावी. फाउलनंतर पांढरा अशा जागी थांबला की समोरच्याला पाळीचा कुठलाच बॉल दोन्ही कडांपर्यंत मोकळा मारता येत नाही, तर त्याला 'फ्री बॉल' मिळतो. तो एखादा रंगीत बॉल सांगून लालसारखा वापरू शकतो. त्याचा गुण तेव्हा एकच धरतात आणि पुढे पुन्हा रंगीत घालता येतो. म्हणून कधी कधी लाल न घालताच दोन रंगीत पाठोपाठ जाताना दिसतात.

शेवटचे बॉल

काकांनी मोकळा लाल घातला, मग काळा: पंचावन्न. पुढचा लाल: छप्पन्न. नंतर गुलाबी चुकला. त्या दिवशी बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि तिथे एसी बंद होता. दमट हवेत टेबलाचं कापड ओलसर होतं, बॉल जड चालतात आणि पांढरा नेहमीपेक्षा अलीकडे थांबतो. मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या कापडाखालच्या दगडाला खालून हीटर लावलेले असतात ते याचसाठी. मुंबईच्या क्लबात जुलै-ऑगस्टमध्ये खेळाडू नेहमीपेक्षा जोरात मारताना दिसले तर कारण बहुतेक हेच.

आता छप्पन्न विरुद्ध तेवीस, फरक तेहतीस. तीन लाल उरले, म्हणजे टेबलावर चोवीस आणि सत्तावीस, एकावन्न. फरकापेक्षा शिल्लक जास्त असेपर्यंत फ्रेम जिवंत असते. शिल्लक कमी झाली की मागे पडलेल्याला नुसते बॉल घालून भागत नाही, समोरच्याकडून फाउल काढावे लागतात. कॉमेंट्रीत "नीड्स स्नूकर्स" म्हणतात त्याचा अर्थ हा.

मुलगा उठला. लाल-गुलाबी तीस, लाल-निळा छत्तीस, शेवटचा लाल आणि हिरवा, चाळीस. मग क्रमाने पिवळा बेचाळीस, हिरवा पंचेचाळीस, तपकिरी एकोणपन्नास. फरक सात, शिल्लक अठरा. निळा चुकला. दोघांनी तीन-चार फटके नुसता बचाव केला, आणि मग काकांना निळा मिळाला. एकसष्ट. गुलाबीला मात्र पांढरा कुशनला चिकटून राहिला. अशा वेळी क्यूला पांढऱ्याचा फक्त वरचा भाग मिळतो आणि नेम सहज सुटतो. गुलाबी चुकला.

मावशी बोटांवर मोजत होती. "एकसष्ट वजा एकोणपन्नास, बारा. गुलाबी आणि काळा तेरा. दोन्ही पाहिजेत."

मुलाने गुलाबी मधल्या पॉकेटमध्ये घातला. पंचावन्न. आता एकटा काळा. सहा गुणांचा फरक आणि सात गुणांचा बॉल. काळा त्याच्या जागी, पांढरा थोडा तिरका, एरवी डोळे मिटून घालावा असा. त्याने जरा जोरातच मारला. काळा कोपऱ्यात गेला आणि मागच्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या.

पांढरा अजून चालत होता. बाजूच्या कुशनला लागून तो टेबल तिरका ओलांडत 'डी'कडच्या डाव्या कोपऱ्याकडे निघाला होता. मावशीने माझा हात घट्ट धरला. "पांढरा बघ, पांढरा." तो पॉकेटच्या तोंडाशी आला, कडेवर क्षणभर डगमगला आणि आत पडला.

काळ्याचे सात गुण मुलाला मिळाले नाहीत. फाउलचे सात काकांना मिळाले. एकटा काळा उरलेला असताना काळा पॉकेटमध्ये जाणं किंवा पहिला फाउल फ्रेम संपवतो, म्हणून पुढे काहीच उरलं नाही. मार्करने फलकावर ६८ आणि ५५ मांडले. काका खुर्चीतून उठले, मुलाजवळ गेले, आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग हात मिळवला.